सरावातले नेटवर्क आणि कामावरचे नेटवर्क
(प्रस्तावना)

हस्तलिखित देवनागरी अक्षरे ओळखण्यासाठी एक संग्रह जगभर वापरला जातो. नेपाळमधल्या तीन संशोधकांनी तो २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ९२,००० चित्रे आहेत आणि ४६ वर्ग आहेत: ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंतची ३६ अक्षरे आणि दहा अंक. प्रत्येक वर्गाची २,००० चित्रे आहेत. त्यांतली १,७०० शिकण्यासाठी आणि ३०० परीक्षेसाठी ठेवलेली आहेत. प्रत्येक चित्र ३२ बाय ३२ ठिपक्यांचे आहे. मराठी वाचकाला एक उणीव लगेच जाणवेल: संग्रह नेपाळचा असल्याने त्यात ‘ळ’ नाही. तरीही या पुस्तिकेसाठी आम्ही हाच संग्रह निवडला, त्याला कारण आहे. या संशोधकांनी आपल्या निबंधात भर दिला होता तो ड्रॉपआउटवर आणि चित्रांची संख्या कृत्रिम रीतीने वाढवण्यावर. या दोन उपायांनी परीक्षेतली अचूकता सुमारे एक टक्क्याने वाढली आणि त्यांचा सर्वोत्तम निकाल ९८.४७ टक्क्यांवर पोचला, असे त्यांनी नोंदवले आहे.

एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण परीक्षेसाठी १३,८०० चित्रे असतील, तर एक टक्का म्हणजे १३८ अक्षरे. हा टक्का नेटवर्क मोठे करून मिळालेला नाही, हे महत्त्वाचे. त्यातला एक वाटा शिकत असलेल्या नेटवर्कचा काही भाग मुद्दाम बंद ठेवल्याने मिळाला आहे. ही पुस्तिका या उलट्या वाटणाऱ्या उपायाविषयी आहे आणि त्याच्या जोडीने वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या उपायाविषयी, म्हणजे अर्ली स्टॉपिंगविषयी. या दोन उपायांमधून एकच धागा जातो. ड्रॉपआउट लावले की शिकणारे नेटवर्क वेगळे असते आणि पुढे कामाला लागणारे नेटवर्क वेगळे असते. आपण आत्ता या दोहोंपैकी कोणाकडे पाहत आहोत, हे ज्याला प्रत्येक टप्प्यावर ठाऊक असते त्याच्या बऱ्याच चुका आपोआप टळतात.

पाठांतर कसे घडते

सुरुवात एका साध्या नेटवर्कपासून करू. चित्राचे १,०२४ ठिपके आत येतात, मध्ये ५१२ न्यूरॉनचा एक थर आहे आणि शेवटी ४६ उत्तरे. पायटॉर्चमध्ये ते असे लिहिता येते:

```python
model = nn.Sequential(
    nn.Linear(1024, 512),
    nn.ReLU(),
    nn.Dropout(0.5),
    nn.Linear(512, 46),
)
```

पहिल्या जोडणीत ५,२४,८०० आकडे शिकायचे आहेत आणि दुसरीत २३,५९८. म्हणजे एकूण ५,४८,३९८. शिकण्यासाठी चित्रे मात्र ७८,२०० आहेत. एका चित्रामागे सात आकडे मोकळे असतील, तर नेटवर्कला दोन रस्ते खुले राहतात. ‘ध’ कशामुळे ‘ध’ दिसतो आणि ‘घ’पासून कुठे वेगळा पडतो, हे ते शिकू शकते. किंवा ही चित्रे जशी आहेत तशी, त्यांतल्या डागांसकट आणि थरथरलेल्या रेघांसकट, लक्षात ठेवू शकते. ट्रेनिंगचा लॉस कमी करायला दोन्ही रस्ते चालतात. नवीन माणसाचे अक्षर समोर आल्यावर मात्र दुसरा रस्ता दगा देतो. यालाच ओव्हरफिटिंग म्हणतात, आणि नेटवर्कला पहिल्या रस्त्यावर ठेवण्याच्या सगळ्या उपायांना मिळून रेग्युलरायझेशन म्हणतात.

हे पाठांतर एकेकटा न्यूरॉन करत नाही. ते न्यूरॉनच्या आपसातल्या संगनमतातून घडते. समजा, मधल्या थरातला एक न्यूरॉन उजवीकडच्या उभ्या दंडावर जागा होतो. अनेक अक्षरांत तो दंड असतो, म्हणून हा न्यूरॉन उपयोगी आहे. पण काही चित्रांत दंड तिरका पडला आहे आणि तिथे त्याचे मत चुकते. नेटवर्क मग दुसऱ्या एका न्यूरॉनला फक्त त्या चित्रांतली पहिल्याची चूक खोडायला लावते, आणि त्या दुसऱ्याची उरलेली चूक तिसऱ्यावर सोपवते. ट्रेनिंगच्या चित्रांवर ही साखळी बिनचूक चालते. नव्या अक्षरात दंड वेगळ्या कोनात तिरका असला, की खोडणारे न्यूरॉन वेळेवर जागे होत नाहीत किंवा नको तिथे जागे होतात आणि सगळा हिशेब बिघडतो.

टोरंटो विद्यापीठातल्या जेफ्री हिंटन यांनी आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये नेमक्या या संगनमतावर बोट ठेवले. त्यांचा उपाय थोडक्यात सांगता येतो. ट्रेनिंगच्या प्रत्येक पावलाला, प्रत्येक उदाहरणासाठी, मधल्या थरातला प्रत्येक न्यूरॉन नाणेफेक करून चालू ठेवायचा किंवा शून्य करायचा. पुढच्या पावलाला पुन्हा नवी नाणेफेक. आता खोडणारा न्यूरॉन हजर असेलच याचा भरवसा पहिल्याला देता येत नाही. निम्म्या वेळा त्याला साथीदाराशिवाय उत्तर द्यावे लागते. त्यामुळे साथीदार कोणीही असला तरी जी खूण उपयोगी पडते, तीच प्रत्येकाला शिकावी लागते.

त्यांनी आकडे दिले ते इंग्रजी अंकांच्या एमनिस्ट संग्रहावरचे. चित्रे फिरवून-सरकवून वाढवण्यासारख्या इतर युक्त्या न वापरता साध्या नेटवर्कचा तोवरचा सर्वोत्तम निकाल होता १०,००० चित्रांत १६० चुका. मधल्या थरांत ५० टक्के ड्रॉपआउट आणि वेटच्या आकारावर मर्यादा घालून त्या सुमारे १३० वर आल्या. आत येणाऱ्या ठिपक्यांपैकीही २० टक्के यादृच्छिक रीतीने गाळल्यावर त्या सुमारे ११० उरल्या. त्याच वर्षी इमेजनेट स्पर्धा जिंकणाऱ्या अलेक्स क्रिझेव्हस्की यांच्या नेटवर्कनेही पूर्ण जोडणीच्या पहिल्या दोन थरांत ड्रॉपआउट वापरले होते. त्यामुळे ट्रेनिंगला लागणाऱ्या फेऱ्या जवळपास दुप्पट झाल्या, हेही त्यांनी स्पष्ट लिहिले. ही किंमत पुढे अर्ली स्टॉपिंगच्या हिशेबात पुन्हा समोर येईल.

कामाच्या वेळी काय होते

आता मुख्य प्रश्न. ट्रेनिंग संपले, नेटवर्क एखाद्या अर्जावरचे अक्षर वाचायला बसले. तेव्हाही नाणेफेक करायची का? केली तर त्याच अक्षराला सकाळी ‘ध’ आणि दुपारी ‘घ’ असे उत्तर येऊ शकेल. म्हणून कामाच्या वेळी सगळे न्यूरॉन चालू ठेवतात. पण सगळे चालू केले, की पुढच्या थराला मिळणारी बेरीज बदलते. हे शब्दांपेक्षा आकड्यांत चटकन दिसते.

एका न्यूरॉनला मागच्या थरातून तीन वाटे येत आहेत असे धरू: ४, २ आणि −२. तिन्ही हजर असताना बेरीज ४. ५० टक्के ड्रॉपआउट असेल तर हजेरीचे आठ प्रकार संभवतात आणि प्रत्येकाची शक्यता सारखी असते. या आठ बेरजा अशा: ०, ४, २, −२, ६, २, ०, ४. त्यांची सरासरी २. म्हणजे ट्रेनिंगभर या न्यूरॉनला सरासरी २ ची सवय झाली, आणि कामाच्या दिवशी त्याच्या पुढ्यात एकदम ४ आले. पुढचे सगळे वेट २ च्या हिशेबाने जुळवलेले आहेत, त्यामुळे ही दुप्पट बेरीज थरामागून थर वाढत जाईल.

यावर दोन तोडगे आहेत आणि गणिताने ते सारखेच आहेत. टोरंटोच्या मूळ पद्धतीत ट्रेनिंग होते तसे होऊ देत आणि कामाच्या वेळी वाटे निम्मे करत. क्रिझेव्हस्की यांनीही परीक्षेच्या वेळी त्या थरांची उत्तरे ०.५ ने गुणली होती. आजच्या लायब्रऱ्या उलट करतात: ट्रेनिंगमध्येच हजर न्यूरॉनचा वाटा दुप्पट करतात आणि कामाच्या वेळी कशालाही हात लावत नाहीत. ढोल-ताशा पथकाच्या सरावाला रोज निम्मेच वादक येत असतील, आणि आलेल्यांनी दुप्पट जोराने वाजवून आवाज भरून काढला असेल, तर मिरवणुकीला सगळे आल्यावर प्रत्येकाने आपल्या नेहमीच्या जोरानेच वाजवायचे असते. सामान्य सूत्र असे: गळतीची शक्यता `p` असेल, तर ट्रेनिंगमध्ये हजर वाट्याला `1/(1-p)` ने गुणायचे. आपल्या उदाहरणातल्या आठ बेरजा आता ०, ८, ४, −४, १२, ४, ०, ८ होतात. त्यांची सरासरी ४, म्हणजे कामाच्या वेळच्या बेरजेइतकीच. ही दुसरी पद्धत टिकली याचे कारण व्यवहाराचे आहे. कामावर पाठवलेल्या कोडमध्ये ड्रॉपआउटचा मागमूसही ठेवावा लागत नाही.

इथे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण जुळली आहे ती फक्त सरासरी. बेरजेनंतर रेलू लावला तर ऋण संख्येचे शून्य होते. मग आठ किमती ०, ८, ४, ०, १२, ४, ०, ८ आणि त्यांची सरासरी ४.५. कामाच्या वेळी मात्र रेलूमधून ४ च बाहेर पडतात. म्हणजे सगळे न्यूरॉन चालू असलेले नेटवर्क हे त्या सगळ्या अर्धवट नेटवर्कांच्या सरासरीचा अंदाज आहे, हुबेहूब सरासरी नाही. थर जितके जास्त, तितके हे अंतर साचण्याची शक्यता जास्त.

वर लिहिलेल्या लहान नेटवर्कमध्ये मात्र एक सुंदर अपवाद आहे. त्यात ड्रॉपआउट फक्त शेवटच्या जोडणीच्या आधी आहे आणि तिच्यानंतर थेट सॉफ्टमॅक्स. ५१२ न्यूरॉनच्या हजेरीचे प्रकार दोनचा ५१२ वा घात, म्हणजे १५५ अंकी संख्या. या प्रत्येक प्रकारचे नेटवर्क त्या अक्षराविषयी आपली संभाव्यता सांगेल. त्या सगळ्यांची गुणोत्तर सरासरी काढून बेरीज पुन्हा एक होईल अशी जुळवली, तर जे उत्तर येते तेच सगळे न्यूरॉन चालू ठेवून एकदा चालवल्यावर मिळते. इथे अंदाज नाही, तंतोतंत समानता आहे. खोल नेटवर्कमध्ये ती सुटते, तरीही व्यवहारात अंदाज चांगला ठरतो. नितीश श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या सविस्तर निबंधात याची तुलना आहे. अनेक अर्धवट नेटवर्के प्रत्यक्ष चालवून त्यांच्या उत्तरांची सरासरी घेतली, तर या एका पूर्ण नेटवर्कची बरोबरी करायला सुमारे ५० नेटवर्के लागली.

सरासरी जुळली तरी पसारा जुळत नाही, हा दुसरा मुद्दा. आपल्या आठ बेरजा −४ पासून १२ पर्यंत पसरल्या होत्या. त्यांचे व्हेरियन्स २४ येते. कामाच्या वेळी नाणेफेकच नसते, म्हणून या उदाहरणात ते शून्य. बॅच नॉर्मलायझेशनचा थर ड्रॉपआउटच्या नंतर बसवला असेल, तर तो ट्रेनिंगच्या काळातला मोठा पसारा नोंदवून ठेवतो आणि कामाच्या वेळी लहान पसाऱ्यावर तोच हिशेब लावतो. दोन्ही उपाय वेगवेगळे चांगले असून एकत्र आल्यावर निकाल घसरतो, त्यामागचे एक मोठे कारण हे आहे. त्यामुळे ड्रॉपआउट हा थर बॅच नॉर्मलायझेशनच्या शेवटच्या थरानंतर, उत्तराच्या जवळ ठेवणे सुरक्षित.

चुका कुठे होतात आणि कशा ओळखायच्या

पायटॉर्चमध्ये `model.train()` म्हटले की नाणेफेक सुरू होते आणि `model.eval()` म्हटले की थांबते. `eval()` विसरले तर प्रोग्राम बंद पडत नाही, कोणतीही तक्रार येत नाही. उत्तरे येतात आणि बरीच बरोबरही असतात. फक्त अचूकता थोडी कमी असते, आणि ‘घ’-‘ध’, ‘भ’-‘म’, ‘ड’-‘ङ’ अशा काठावरच्या जोड्यांमध्ये उत्तर हलत राहते. म्हणूनच ही चूक महिनोन्महिने लपून राहू शकते. ती पकडायची चाचणी सोपी आहे: कामाच्या कोडमध्येच तेच चित्र दोनदा द्या.

```python
with torch.no_grad():
    a = model(x)
    b = model(x)
print(torch.allclose(a, b))
```

उत्तर `True` आलेच पाहिजे. `False` आले तर कुठेतरी नाणेफेक चालू आहे. पुष्कळांची समजूत असते की `torch.no_grad()` लिहिले म्हणजे काम झाले. त्याने फक्त ग्रेडियंटची नोंद थांबते, ड्रॉपआउटशी त्याचा संबंध नाही. आणखी एक जागा आहे. ड्रॉपआउट थर म्हणून न लिहिता `F.dropout(x, 0.5)` असे लिहिले, तर त्यात `training` ची मूळ किंमत `True` असते आणि `model.eval()` त्याच्यापर्यंत पोचत नाही. तिथे `training=self.training` असे स्वतः लिहावे लागते. वरची चाचणी हीही चूक दाखवते.

जी चूक ही चाचणी दाखवत नाही, ती `p` च्या अर्थाची. टोरंटोच्या २०१४ च्या निबंधात `p` म्हणजे न्यूरॉन टिकण्याची शक्यता, पायटॉर्चमध्ये `p` म्हणजे गळण्याची. ०.५ ला दोन्ही अर्थ एकच होतात, म्हणून घोळ कळत नाही. पण निबंधात आत येणाऱ्या थरासाठी ०.८ सुचवले आहे ते वाचून कोणी `nn.Dropout(0.8)` लिहिले, तर १,०२४ ठिपक्यांपैकी सरासरी २०५ च उरतील आणि त्यांतला प्रत्येक पाचपट होईल. अशा अक्षरात डोळ्यालाही फारसे काही दिसणार नाही. याची खूण म्हणजे ट्रेनिंगचा लॉस पहिल्यापासून वर अडकून राहतो आणि खाली यायचे नाव घेत नाही.

कधी थांबायचे

अर्ली स्टॉपिंग हा उपाय ड्रॉपआउटपेक्षा पुष्कळ जुना आहे. नेटवर्कचे वेट सुरुवातीला शून्याच्या आसपास असतात. पहिल्या काही फेऱ्यांत ते अशा दिशांना सरकतात जिथे लॉस झपाट्याने उतरतो. देवनागरीत या दिशा म्हणजे सगळ्यांच्या अक्षरांत समान असणाऱ्या गोष्टी: दंड आहे का, गाठ कोणत्या बाजूला आहे, खाली शेपूट आहे का. एखाद्याच चित्रातला डाग ओळखून लॉस थोडासाच उतरतो, म्हणून त्या दिशेने वेट फार सावकाश सरकतात. वेळेवर थांबलो तर समान गोष्टी शिकून झालेल्या असतात आणि डाग अजून शिकायचे असतात. लॉसचा आकार साध्या वाटीसारखा धरला, तर पावलांची संख्या आणि लर्निंग रेट यांचा गुणाकार जितका कमी, तितका वेटवरचा वचक कडक असे दाखवता येते. गुडफेलो, बेंजिओ आणि कूरव्हिल यांच्या २०१६ च्या पाठ्यपुस्तकात ही मांडणी आहे. म्हणजे थांबण्याची वेळ हीसुद्धा वेट लहान ठेवण्याचीच एक रीत आहे.

वेळ आली हे कळायला व्हॅलिडेशनची चित्रे लागतात. आमच्या संग्रहात प्रत्येक वर्गाच्या १,७०० चित्रांतून २०० बाजूला काढली, की ९,२०० चित्रे व्हॅलिडेशनसाठी मिळतात आणि शिकण्यासाठी ६९,००० उरतात. परीक्षेच्या १३,८०० चित्रांना या कामात हात लावायचा नाही. त्यांच्याकडे पाहून थांबायची फेरी ठरवली, तर तीही ट्रेनिंगचाच भाग होतात आणि अखेरचा आकडा विश्वासाचा राहत नाही. स्वतः ‘ळ’ची चित्रे गोळा करून संग्रहात घालायची असतील, तर एका माणसाची सगळी अक्षरे एकाच बाजूला ठेवावीत. त्याच हाताची अक्षरे दोन्हीकडे गेली, तर व्हॅलिडेशनला पाठांतर दिसत नाही आणि थांबण्याचा इशाराच मिळत नाही.

प्रत्येक फेरीनंतर व्हॅलिडेशनचा लॉस मोजायचा, आजवरचा सर्वात कमी असेल तर ते वेट जतन करायचे, आणि ठरावीक फेऱ्यांत सुधारणा झाली नाही तर थांबून जतन केलेल्या वेटकडे परत जायचे. या ठरावीक फेऱ्यांना पेशन्स म्हणतात. केरासमध्ये `EarlyStopping` वापरताना दोन मूळ किमतींकडे लक्ष द्यावे. `patience` शून्य असते, म्हणजे पहिल्याच अडखळीला ट्रेनिंग थांबते. `restore_best_weights` हे `False` असते, म्हणजे हातात सर्वोत्तम फेरीचे नव्हे तर शेवटच्या फेरीचे वेट येऊ शकतात. पेशन्स किती ठेवावा, याचा अभ्यास लुट्स प्रेशेल्ट यांनी १९९८ मध्ये मांडला. सबुरीने थांबणाऱ्या निकषांनी नव्या उदाहरणांवरची कामगिरी सरासरी चार टक्क्यांनी सुधारली, पण त्यासाठी ट्रेनिंगचा वेळ सरासरी चौपट लागला. तेव्हा पेशन्स हा संगणकाचा वेळ आणि अचूकता यांच्यातला सौदा आहे, आणि तो कामाच्या गरजेनुसार ठरवायचा असतो.

दोन्ही एकत्र आले की

सुरुवातीला सांगितलेला धागा इथे घट्ट होतो. ड्रॉपआउट लावून ट्रेनिंग सुरू केलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो व्हॅलिडेशनचा लॉस ट्रेनिंगच्या लॉसपेक्षा कमी पाहून. समजा ट्रेनिंगचा ०.४० आणि व्हॅलिडेशनचा ०.३०. न पाहिलेल्या चित्रांवर नेटवर्क जास्त हुशार कसे? ते तसे नाही. ट्रेनिंगचा आकडा अर्ध्या न्यूरॉनच्या नेटवर्कचा आहे, व्हॅलिडेशनचा पूर्ण नेटवर्कचा. दोन वेगळ्या नेटवर्कांचे गुण एका आलेखावर काढले आहेत. शिवाय ट्रेनिंगचा आकडा बहुधा संपूर्ण फेरीची सरासरी असतो, म्हणजे त्यात फेरीच्या सुरुवातीचे कच्चे वेटही धरलेले असतात. खरी तुलना करायची तर फेरी संपल्यावर `model.eval()` करून ट्रेनिंगचीच काही चित्रे पुन्हा मोजावीत. तो आकडा, समजा, ०.२५ आला, तर पाठांतराचे खरे अंतर ०.०५ आहे. ओव्हरफिटिंग किती आहे हे या अंतरावरून कळते, मूळ आलेखावरून कळत नाही.

दुसरी गोष्ट जास्त नुकसानीची. व्हॅलिडेशन मोजताना `eval()` करायचे राहिले, तर अर्ली स्टॉपिंग नाणेफेकीच्या लहरीवर चालते. एखाद्या फेरीत नाणी अनुकूल पडली आणि लॉस योगायोगाने खाली आला, की तीच सर्वोत्तम फेरी म्हणून जतन होते. पुढच्या खऱ्या सुधारणा त्या भाग्यवान आकड्यापुढे टिकत नाहीत आणि ट्रेनिंग लवकर थांबते. उलट बाजूने, व्हॅलिडेशनसाठी `eval()` केले आणि पुढच्या फेरीआधी `train()` म्हणायचे विसरले, तर पहिली फेरी सोडून उरलेले सगळे ट्रेनिंग ड्रॉपआउटशिवायच होते. तेव्हा ट्रेनिंगचा लॉस दुसऱ्या फेरीला एकदम खाली उडी घेतो. अशी उडी दिसली तर आनंद मानण्याआधी कोड तपासावे.

तिसरी गोष्ट सबुरीची. ड्रॉपआउटचे नेटवर्क शिकायला साधारण दोन ते तीनपट वेळ घेते, असे २०१४ च्या निबंधात नोंदवले आहे. दर पावलाला वेगळेच अर्धवट नेटवर्क शिकत असल्याने ग्रेडियंटमध्ये गोंगाट जास्त असतो. ड्रॉपआउट नसताना बेतलेला पेशन्स तसाच ठेवला, तर नेटवर्क अर्धवट शिकलेले असतानाच थांबेल, आणि आपण निष्कर्ष काढू की ड्रॉपआउटचा उपयोग नाही. म्हणून ड्रॉपआउट वाढवले की पेशन्सही वाढवावा. दोन्ही उपाय एकाच दिशेने लगाम खेचतात, हेही ध्यानात ठेवावे. `eval()` मध्ये मोजलेला ट्रेनिंगचा लॉस आणि व्हॅलिडेशनचा लॉस जवळजवळ असूनही दोन्ही वर अडकले असतील, तर पाठांतराचा प्रश्न उरलेलाच नाही. तिथे ड्रॉपआउट कमी करावे.

मुद्दाम चालू ठेवलेली नाणेफेक

कामाच्या वेळी ड्रॉपआउट चालू राहणे ही इथवर चूक म्हणून आली. पण तेच जाणूनबुजून केले तर उपयोगी पडते. केंब्रिजच्या यारिन गॅल आणि झुबिन घहरामानी यांनी २०१६ मध्ये ते मांडले. तेच अक्षर, समजा, ५० वेळा नाणेफेकीसकट चालवायचे. पन्नासही वेळा ‘ध’ आले तर उत्तर स्वीकारायला हरकत नाही. तीस वेळा ‘ध’ आणि वीस वेळा ‘घ’ आले तर ते अक्षर माणसाकडे पाठवावे. एकदाच चालवलेले पूर्ण नेटवर्क अशा वेळीही ठाम आकडा सांगू शकते; त्यामागचा डळमळीतपणा या पसाऱ्यात दिसतो. यात संगणकाचे काम पन्नासपट होते, आणि फक्त ड्रॉपआउटचे थर `train()` मध्ये ठेवून बॅच नॉर्मलायझेशन `eval()` मध्येच ठेवावे लागते. शिवाय ‘ळ’ कधीच न पाहिलेले नेटवर्क ‘ळ’ समोर आल्यावर पन्नास वेळा एकच चुकीचे उत्तर देऊ शकते. पसारा कमी म्हणजे उत्तर खरे, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

या पुस्तिकेची हद्द

हे उपाय सगळीकडे सारख्याच मात्रेत लागू पडत नाहीत. कॉन्व्होल्यूशनच्या थरांत शेजारचे ठिपके एकमेकांसारखेच असतात. एक गाळला तरी शेजारी त्याची माहिती सांगून टाकतो, म्हणून तिथे सुटे ठिपके गाळण्याऐवजी फीचर मॅप संपूर्ण गाळतात. २०१७ च्या मूळ ट्रान्सफॉर्मरच्या बेस मॉडेलमध्ये ड्रॉपआउट ०.१ इतकेच होते. अफाट मजकुरावर जवळपास एकदाच फिरणाऱ्या भाषिक मॉडेलांत ते अनेकदा ठेवतच नाहीत, कारण जे दुसऱ्यांदा दिसणारच नाही ते पाठ करण्याचा धोका कमी. हीच मॉडेले पुढे काही हजार मराठी वाक्यांवर पुन्हा शिकवायची म्हटली, की उदाहरणे थोडी आणि आकडे अफाट हे जुने प्रमाण परत येते. तेव्हा ड्रॉपआउट आणि अर्ली स्टॉपिंग हे दोन्ही उपाय पुन्हा हाताशी लागतात.

मराठीसाठी काम करणाऱ्याला उदाहरणांची टंचाई नेहमीचीच आहे. म्हणून पुढची प्रकरणे थोड्या चित्रांवर केलेल्या प्रयोगांभोवती रचली आहेत. पहिल्या प्रकरणात वरचे लहान नेटवर्क ड्रॉपआउटशिवाय मुद्दाम ओव्हरफिट करून पाहू, दुसऱ्यात ड्रॉपआउट लावू, तिसऱ्यात थांबण्याची वेळ ठरवू. वाचकाने प्रत्येक प्रयोगात तीन आकडे शेजारी शेजारी लिहावेत: `train()` मधला ट्रेनिंग लॉस, `eval()` मधला ट्रेनिंग लॉस आणि `eval()` मधला व्हॅलिडेशन लॉस. पहिल्या दोहोंतले अंतर ड्रॉपआउटने घातलेली अडचण सांगते, दुसऱ्या-तिसऱ्यातले अंतर पाठांतर किती झाले ते सांगते, आणि थांबायचे केव्हा हे तिसरा आकडा एकटाच ठरवतो.